गांडूळखताची गोणी: विकणारा काय भरतो, घेणारा काय पाहतो

युरियाच्या 45 किलोच्या पिशवीत सुमारे 21 किलो नत्र असतं आणि सरकारी अनुदानामुळे ती पिशवी शेतकऱ्याला पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. चांगल्या गांडूळखतात नत्र साधारण एक टक्का, म्हणजे टनाला दहा किलो. एका युरियाच्या पिशवीएवढं नत्र हवं असेल तर गांडूळखत दोन टन लागेल. किलोला आठ रुपये भाव धरला तर त्याचे झाले सोळा हजार. शिवाय त्यातलं सगळं नत्र पहिल्याच हंगामात पिकाला मिळत नाही. ते हळूहळू, मातीतल्या जिवाणूंच्या गतीने सुटतं.

हा हिशेब गांडूळखत विकणारे सहसा मांडत नाहीत. तो आधी मांडला तरच या धंद्यातल्या पुढच्या गोष्टी नीट कळतात. नत्रासाठी गांडूळखत घेणं परवडत नाही, हे रोपवाटिकेच्या मालकाला पक्कं माहीत असतं आणि तरीही तो दरवर्षी ते घेतो. त्याला हवं असतं असं काहीतरी, ज्यात कोवळं मूळ न जळता शिरेल, जे पाणी धरेल, ज्यातून तणाचं बी उगवणार नाही, आणि जे या खेपेला जसं होतं तसंच पुढच्या खेपेलाही असेल. खत पूर्ण मुरलेलं असावं आणि दर वेळी सारखं असावं, एवढ्यासाठी तो पैसे मोजतो. शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा. त्याला एकराला किती टाकायचं आणि ते परवडेल का, हे हवं असतं. एकाच ढिगातून भरलेली गोणी या दोघांना एकाच कारणाने विकता येत नाही.

पुण्याच्या पूर्वेला सोलापूर रस्त्याने निघालं की लोणी काळभोर, सोरतापवाडी, उरुळी कांचन हा सगळा पट्टा लागतो. सोरतापवाडी तर रोपवाटिकांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पिशव्यांतली रोपं, शेडनेटची छपरं, मातीचे ढीग. याच परिसरात ऊस आहे, म्हणजे पाचट आहे. गोठे आहेत, म्हणजे शेण आहे. आणि तासाभराच्या अंतरावर पुण्यातल्या लाखो घरांचा भाजीपाल्याचा कचरा आहे. कच्चा माल आणि गिऱ्हाईक इतकं जवळ असण्याची जागा सहज सापडत नाही. म्हणून पुढचं उदाहरण मी याच पट्ट्यातलं धरतो: दहा बेड, आजूबाजूच्या गोठ्यांतलं शेण, स्वतःच्या उसाचं पाचट आणि एखाद्या भाजी मंडईतला किंवा सोसायटीतला ओला कचरा.

हल्ली पक्क्या टाक्या फारसं कोणी बांधत नाही. जाड विणीच्या प्लॅस्टिकचे तयार बेड मिळतात, बारा फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट उंच. बांबूच्या आधाराने ते उभे करायचे आणि वर सावलीची सोय करायची. अशा एका बेडमध्ये दीड फुटापर्यंत भरलं तर साधारण तेराशे किलो अर्धवट कुजलेलं शेण आणि पाचट मावतं. त्यात तीन ते पाच किलो गांडुळं सोडतात. त्याला या धंद्यात ‘कल्चर’ म्हणतात. किलोभर कल्चरमध्ये हजाराच्या आसपास गांडुळं असतात. दोन ते अडीच महिन्यांत त्या बेडमधून सहाशे-सातशे किलो चाळलेलं खत निघतं.

‘अर्धवट कुजलेलं’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ताजं शेण थेट बेडमध्ये टाकलं तर दोन गोष्टी होतात. शेण आतून तापतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. गांडुळाला पस्तीस अंशांच्या वरची उष्णता सोसत नाही आणि अमोनिया तर अजिबातच चालत नाही. म्हणून शेण आणि पाचट आधी बाहेर ढीग करून कुजवावं लागतं. शेणाच्या तीन पाट्यांना बारीक केलेल्या पाचटाची एक पाटी, तीन-चार फूट उंचीचा ढीग, आणि मुठीत दाबलं तर जेमतेम थेंब-दोन थेंब सुटतील इतका ओलावा. तीन-चार दिवसांत ढीग तापायला लागतो. आत लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी काढली तर ती हातात धरवत नाही. आठवड्याने ढीग उलटायचा, म्हणजे बाहेरचं आत जातं आणि तेही तापतं. पंधरा ते वीस दिवसांत सळई कोमट लागायला लागली की हा टप्पा संपला.

घाई असते तेव्हा हीच पायरी गाळली जाते, आणि त्याचं नुकसान खत विकल्यावर दिसतं. शेणातल्या आणि गवतातल्या तणांच्या बिया या तापण्यानेच मरतात. पंचावन्न अंशांवर निदान तीन दिवस ढीग राहिला तर बहुतेक बिया आणि रोगजंतू निकामी होतात. गांडूळ बी मारत नाही. त्याच्या बेडचं तापमान मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, त्यामुळे आत गेलेलं तणाचं बी पुष्कळदा जसंच्या तसं बाहेर पडतं. खत दिसायला काळं, भुसभुशीत, अगदी देखणं असतं. आणि रोपवाटिकेत पिशव्या भरल्यावर दोन आठवड्यांत प्रत्येक पिशवीत घोळ, लोणी गवत, हरळी डोकं काढते. शंभर पिशव्या असोत की दहा हजार, निंदणी हातानेच करावी लागते. असं एकदा झालं की तो नर्सरीवाला पुन्हा त्या माणसाचं खत घेत नाही.

कुजलेला माल बेडमध्ये भरल्यावरही गांडुळं लगेच सोडू नयेत. आधी पंधरा-वीस गांडुळं एका कोपऱ्यात ठेवून पाहावं. माल जमला असेल तर ती तासाभरात आत शिरतात. वरच्या वर वळवळत राहिली, कडेने बाहेर निघू लागली, एकमेकांत गुंडाळून गोळा झाली, तर आत अजून उष्णता किंवा अमोनिया आहे. तेव्हा माल वरखाली करून हवा लागू द्यायची आणि चार दिवस थांबायचं. चार-पाच किलो कल्चर फुकट जाण्यापेक्षा चार दिवसांची वाट बरी.

आपल्याकडे या कामासाठी बहुतेक दोन जातींची गांडुळं वापरतात. आयसेनिया फेटिडा हे तांबूस, आडव्या पट्ट्यांचं, मूळ युरोपातलं. आणि युड्रिलस युजेनी हे मोठं, जांभळट, मूळ पश्चिम आफ्रिकेतलं. दोन्ही कुजत्या ढिगात राहणारी आहेत. शेतातल्या मातीत खोल बिळं करणारं आपलं पावसाळी गांडूळ वेगळं. म्हणून ‘शेतात सोडायला गांडुळं घ्या’ असं सांगून कल्चर विकणाऱ्यांकडे जाऊ नये. ढिगातलं गांडूळ उघड्या रानात, जिथे कुजतं शेण नाही आणि वर ऊन आहे, तिथे टिकत नाही. शेतात गांडुळं हवी असतील तर पाचट न जाळता रानात ठेवावं. मग तिथली गांडुळं आपोआप वर येतात.

आता स्वयंपाकघरातल्या कचऱ्याकडे येऊ. तो फुकट मिळतो, उलट काही सोसायट्या तो उचलून नेण्याचे पैसेही देतात. 2016 च्या घनकचरा नियमांनी दिवसाला शंभर किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांवर ओल्या कचऱ्याची जबाबदारी टाकली आणि तेव्हापासून शहरांत असा कचरा वेगळा मिळू लागला. पण तो तोलला तर त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. शंभर किलो ओल्या कचऱ्यातून विकण्याजोगं खत निघतं फार तर पंधरा किलो. पन्नास टेम्पो आणले म्हणून पन्नास टेम्पोंचं खत झालं, असं होत नाही.

पाण्यापेक्षा जास्त त्रास मिठाचा. भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा, हे सगळं चांगलं. पण शिजलेलं उरलेलं अन्न, लोणचं, आमटी, तळलेलं तेल आलं की त्यात मीठ येतं, आणि मीठ कुजत नाही. खत निम्मं होतं, मीठ तेवढंच राहतं, म्हणजे खतात ते दुप्पट दाट होतं. शेतात हे खत विखुरलं तर पावसात धुऊन जातं. पण रोपाच्या छोट्या पिशवीत किंवा ट्रेच्या खणात ते मुळाशीच बसतं. पानांच्या कडा करपतात, रोप वाढतच नाही, आणि सुरुवातीला वाटतं की पाणी कमी पडलं. खताच्या सरकारी मानकात क्षारतेची मर्यादा दिली आहे ती याचसाठी. म्हणून ज्याला नर्सरीत विकायचं आहे त्याने शिजलेलं अन्न सरळ नाकारावं, आणि कच्च्या भाजीचा कचराही बेडमधल्या एकूण मालाच्या पाव हिश्शाहून जास्त घेऊ नये. लिंबू-मोसंबीची सालं, कांदा-लसणाची टरफलं थोडी असतील तर चालतात; पाट्याच्या पाट्या आल्या तर आधी शेणाच्या ढिगात घालून तापवाव्यात.

प्लॅस्टिकचं दुखणं तर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही. मोठ्या पिशव्या वेचल्या जातात. उरतात ते दुधाच्या पिशवीचे कापलेले त्रिकोणी कोपरे, सफरचंदावरचे चिकटे, रबरबँड, शाम्पूच्या पुडीची फाटलेली पट्टी, चहाच्या पुडीचा दोरा. चार मिलिमीटरच्या चाळणीवर बरेचसे अडकतात, पण दुधाच्या पिशवीचा कोपरा चपटा असतो, तो आडवा होऊन खाली उतरतो. काळ्या खतात तो पांढरा त्रिकोण लगेच दिसतो आणि गिऱ्हाईक तिथेच गोणी बाजूला ठेवतं. यावर उपाय चाळणीवर नाही, कचरा स्वीकारतानाच आहे: घरात पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा न करता फक्त चीर द्यायची. हे दहा घरांना सांगणं सोपं आहे. पाचशे घरांना दर महिन्याला सांगत राहावं लागतं.

काही सोसायट्यांत ‘चोवीस तासांत खत’ करणारं यंत्र असतं. ते कचरा तापवतं आणि भरडतं. बाहेर येतं ते कोरडं, तपकिरी, हाताला खतासारखं लागणारं. पण ते खत नसतं, ते वाळलेलं अन्न असतं. पाणी लागताच पुन्हा आंबायला लागतं, वास सुटतो, त्यावर पांढरी बुरशी चढते. कुंडीत टाकलं तर झाड पिवळं पडतं, कारण आता कुठे कुजायला लागलेलं ते अन्न मातीतलं नत्र आणि प्राणवायू स्वतःच ओढून घेतं. ही भुकटी आणून शेणाच्या ढिगात मिसळून महिनाभर कुजवली तर उपयोगी पडते. यंत्रातून काढून सरळ गोणीत भरणं ही फसवणूक आहे, मग ती अजाणता झालेली असली तरी.

बेड लागला की रोजचं काम कमी असतं, पण नजर ठेवावी लागते. वर गोणपाट अंथरून ते ओलं ठेवायचं. पाणी बेतानंच द्यायचं. तळाला पाणी साठलं की आतली हवा संपते आणि नासक्या अंड्यासारखा वास येतो. बेड कोरडा पडला की मुंग्या येतात. पावसाळ्याच्या रात्री हवेत दमटपणा फार झाला तर मोठी आफ्रिकन गांडुळं बेड सोडून बाहेर निघतात आणि सकाळी जमिनीवर मरून पडलेली दिसतात. सगळं नीट चाललेलं असेल तर गोणपाट उचलल्यावर पावसाने भिजलेल्या मातीचा वास येतो आणि वर चहाच्या पावडरीएवढे काळे दाणे पसरलेले दिसतात. ती गांडुळाची विष्ठा, आणि हेच खत.

काढणीच्या पाच-सहा दिवस आधी पाणी बंद करतात. वरचा थर कोरडा व्हायला लागला की गांडुळं ओल शोधत खाली उतरतात. मग वरचं खत हाताने ओढून शंकूसारखे ढीग घालायचे, उजेडाने उरलेली गांडुळं ढिगाच्या तळाशी जातात, ती गोळा करून नव्या बेडमध्ये. वरचं खत सावलीत पसरून चाळायचं. कडक उन्हात ते वाळवू नये. पार कोरडं झालेलं खत नंतर पाणीच घेत नाही. ट्रेमध्ये भरल्यावर पाणी वरून ओघळून जातं, आणि त्यातले उपयोगी जिवाणूही कमी झालेले असतात.

किती वाळवायचं, या प्रश्नापाशी या धंद्याचा सगळा नफा अडकलेला आहे. खत नियंत्रण आदेशानुसार गांडूळखतात ओलावा पंधरा ते पंचवीस टक्के असावा. सेंद्रिय कर्ब किमान अठरा टक्के, नत्र किमान एक टक्का, नव्वद टक्के माल चार मिलिमीटरच्या चाळणीतून जाणारा, घाण वास नको. बेडमधून काढलेल्या खतात ओलावा पन्नास टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे हजार किलो काढलं तर त्यात पाचशे किलो कोरडा माल. तो पंचवीस टक्क्यांपर्यंत आणला तर गोणीत भरताना वजन भरतं सहाशे सदुसष्ट किलो. हजारातले तीनशेहून जास्त किलो सावलीत उडून गेले.

आपले दहा बेड घेऊ. तेरा टन शेण आणि पाचट. शेण वाहतुकीसकट सरासरी किलोला दीड रुपया पडलं तर साडेएकोणीस हजार. दोन-अडीच महिन्यांची मजुरी बारा हजार. चाळीस किलोच्या एकशे त्रेसष्ट गोण्या, पंधरा रुपयांप्रमाणे अडीच हजारांच्या जवळ. पाणी, वीज, गोणपाट, बेडची झीज मिळून तीन हजार. एकूण सदतीस हजार. हाताशी आलं साडेसहा टन खत, पंचवीस टक्के ओलाव्याचं. आठ रुपये भावाने बावन्न हजार. राहिले पंधरा हजार. भाव, मजुरी गावोगाव बदलेल, पण आकड्यांचं एकमेकांशी नातं साधारण असंच राहतं.

तेच खत वाळवण्याचा कंटाळा केला आणि पंचेचाळीस टक्के ओलावा ठेवून गोण्या भरल्या, तर वजन भरतं आठ टन आठशे साठ किलो. जास्तीचे सुमारे तेवीसशे साठ किलो म्हणजे निव्वळ पाणी. आठ रुपयांनी त्याचे झाले जवळजवळ एकोणीस हजार. प्रामाणिकपणे केलेल्या अडीच महिन्यांच्या कामाचा नफा पंधरा हजार, आणि न वाळवलेल्या पाण्याचे एकोणीस. बाजारात स्वस्त गोणी का दिसते, हे यावरून समजावं. घेणाऱ्याने भाव विचारताना ओलावाही विचारावा. मुठीत दाबून पाहावं: खत मुठीत गोळा होऊन बोटाच्या टिचकीने फुटलं तर ठीक, हात ओला झाला, बोटांच्या फटीतून चिखल निघाला तर पाण्याचे पैसे चाललेत. चाळीस किलोच्या ओल्या गोणीत कोरडा माल बावीस किलो, नीट वाळवलेलीत तीस किलो. पहिली गोणी दोन रुपये किलोमागे स्वस्त मिळाली तरी महागच पडते.

गिऱ्हाईक आणखी एक चूक करतं. गोणी उघडून विचारतं, ‘दादा, गांडुळं दिसत नाहीत यात?’ मग काही विकणारे मुद्दाम मूठभर गांडुळं गोणीत टाकून देतात. तयार खतात गांडूळ असण्याची काही गरज नाही. उलट तिथे गांडुळं खुशाल नांदत असतील तर याचा अर्थ त्यात अजून न कुजलेलं खाद्य उरलं आहे.

नर्सरीवाल्याने मात्र नवीन माणसाकडून माल घेताना दोन परीक्षा कराव्यात. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. पहिली, थोडं खत ओलं करून प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून चार दिवस ठेवायचं. उघडल्यावर मातीचाच वास आला तर खत मुरलेलं आहे. आंबट, कुजका किंवा नाकाला झोंबणारा वास आला तर कच्चं. दुसरी, एका ट्रेमध्ये नेहमीचं माध्यम आणि दुसऱ्यात त्याच माध्यमात हे खत मिसळून दोन्हींत मुळ्याचं किंवा टोमॅटोचं वीस-वीस बी टाकायचं, आणि तिसऱ्या ट्रेमध्ये नुसतं खत भिजवून ठेवायचं. दहा-बारा दिवसांत उगवण, मुळांचा रंग आणि तिसऱ्या ट्रेतलं तण, तिन्ही एकदम दिसतात. मुळांची टोकं तपकिरी झाली असतील तर क्षार जास्त किंवा खत कच्चं. नंतर हजारो रोपं घालवण्यापेक्षा हे बारा दिवस स्वस्त आहेत.

प्रमाणही बेताचंच ठेवावं. भाजीपाल्याची रोपं आता बहुतेक कोकोपीटवर, शेकड्याच्या आसपास खणांच्या ट्रेमध्ये होतात. त्यात गांडूळखत दहा ते वीस टक्के मिसळलं की पुरतं. मोठ्या पिशव्यांतल्या फळझाडांना, शोभेच्या झाडांना माती, रेती आणि चौथा हिस्सा खत. ‘चांगलं आहे तर जास्त घालू’ म्हणून निम्मं-निम्मं केलं तर छोट्या खणात दाणे दाटून बसतात, पाणी निचरत नाही, हवा राहत नाही, आणि कोवळी रोपं बुडाशी नासून कोलमडायला लागतात.

शेतकऱ्याला मात्र मी वेगळं सांगेन. उसाला, सोयाबीनला, कापसाला एकरभर पसरायला विकतचं गांडूळखत घेऊ नये; वर केलेला हिशेब त्याला लागू पडतो. डाळिंबाच्या, आंब्याच्या खड्ड्यात, केळीच्या कंदाजवळ, मिरची-टोमॅटोच्या लागवडीच्या ओळीत, जिथे मूठ-दोन मूठ टाकून भागतं, तिथे ते घ्यावं. सबंध रानासाठी खत स्वतः करावं, आणि त्यासाठी गांडुळांचीही गरज नाही. इंदूरला 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातला काडीकचरा, शेण आणि गोमूत्र थरांनी रचून कुजवण्याची पद्धत बसवली. त्याविषयीचं 1931 मधलं पुस्तक हॉवर्ड आणि यशवंत वाड या दोघांच्या नावावर आहे. पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी त्याहून साधी रीत दिली, तीच नाडेप. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच विटांची जाळीदार टाकी, तिच्यात काडीकचऱ्याचे, शेणकाल्याचे आणि मातीचे थर. शेण लागतं फक्त शंभर किलोंच्या आसपास, आणि तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत मिळतं. ज्याच्याकडे एक-दोनच जनावरं आहेत त्याच्यासाठी याहून चांगला हिशेब मला ठाऊक नाही. ते खत नर्सरीच्या ट्रेला चालणार नाही, त्यात माती असते, जाडसर असतं; पण रानाला त्याचं काही बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र चाळलेल्या खताच्या बाजूने शेतकऱ्यालाही मोजावी लागते. उघड्या उकिरड्यावरच्या अर्धकच्च्या शेणखतात हुमणीच्या आणि इतर भुंग्यांच्या जाड, पांढऱ्या, वाकड्या अळ्या असतात. ट्रॉलीभर असं खत रानात पडलं की अळ्याही पडतात, आणि पुढे ऊस किंवा भुईमूग मुळापासून खाल्लेला दिसतो. तापवून, मुरवून, चाळलेल्या खतात ही अळी राहत नाही. चाळणीवर ती आधीच नजरेला येते.

खरी ओढाताण होते ती वेळेची. रोपवाटिकांची मागणी जून-जुलैत एकदम उसळते, पावसाळी लागवडीच्या तोंडावर. तेव्हा गोणी तयार हवी तर शेण फेब्रुवारीच्या अखेरीस कुजायला घालावं लागतं आणि बेड मार्चमध्ये भरावे लागतात. म्हणजे गांडुळांचं सगळं काम एप्रिल-मेच्या उन्हात, जेव्हा हवेलीत पारा चाळिशीला टेकतो, पाणी कमी असतं आणि आयसेनियाला ती उष्णता सोसत नाही. या दिवसांत शेडवर उसाच्या पाचटाचा जाड थर, बेडच्या चारही बाजूंना ओलं गोणपाट, दिवसातून दोनदा हलकं पाणी, आणि बेडमधला माल एक फुटापेक्षा उंच न ठेवणं, एवढं करावं लागतं. माल कमी भरल्याने खतही कमी निघतं. पावसाळ्यात उलट खत भरपूर निघतं, पण ते वाळत नाही आणि घ्यायलाही कोणी नसतं. म्हणून जाणते उत्पादक ऑक्टोबर ते फेब्रुवारी या थंड, कोरड्या महिन्यांत जास्तीचे दोन हंगाम काढतात, खत पंचवीस टक्क्यांवर आणून सावलीत, जमिनीपासून उंच फळ्यांवर गोण्या रचतात, आणि जूनसाठी निम्मा माल जानेवारीतच बाजूला ठेवतात.